लीड वाढतात, विक्री घटते: एजन्सीला काय विचारायचं आणि उत्तर कसं पडताळायचं

महिन्याच्या पहिल्या आठवड्यात एजन्सीचा पीडीएफ येतो. लीड दुपटीच्या वर, एका लीडचा खर्च निम्म्याच्या खाली, शेजारी हिरवा बाण. त्याच आठवड्यात वही उघडून ॲडव्हान्स आलेली कामं मोजावीत, तर ती गेल्या वेळेपेक्षा कमी. मीटिंगमध्ये एजन्सी म्हणते, तुमची माणसं फॉलोअप घेत नाहीत. ऑफिसातली माणसं म्हणतात, लीडच भंगार येतात. मालक मध्ये बसून दोघांची समजूत काढतो, आणि पुढच्या महिन्यात पुन्हा तेच.

हा वाद तोंडी सुटत नाही, कारण दोन्ही बाजू अर्ध्या बरोबर असतात. तो कागदावर सुटतो. त्यासाठी एकच प्रकार शेवटपर्यंत सोडवून बघू: सांगलीत विश्रामबागेत ऑफिस असलेली, घरांवर सोलर बसवणारी छोटी फर्म. सांगली, मिरज, कुपवाड आणि इकडे तासगाव, पलूस, आष्ट्यापर्यंत काम. जाहिरात फेसबुक आणि इन्स्टाग्रामवर, लीड तिथल्याच फॉर्ममधून. खालचे आकडे हिशेब समजावा म्हणून धरलेले आहेत, त्या जागी तुमचे घाला.

जानेवारी: खर्च ४२,००० रुपये, लीड १२०, म्हणजे लीडमागे ३५० रुपये. विक्री ९.
मार्च: खर्च ४५,००० रुपये, लीड ३००, म्हणजे लीडमागे १५० रुपये. विक्री ५.

एजन्सीच्या रिपोर्टमध्ये पहिली तीन अंकं असतात, विक्रीचा नसतो. तो टाकला की एका विक्रीमागचा जाहिरात खर्च ४,६६७ वरून ९,००० रुपयांवर गेलेला दिसतो. रिपोर्ट खोटा नाही. तो जिथे संपतो तिथून तुमचा धंदा सुरू होतो, एवढंच.

आधी स्वतःच्या घरातली एक चूक काढा

मार्चच्या लीड आणि मार्चची विक्री एका ओळीत मांडू नका. घरावर सोलर लावायचं ठरवायला माणूस तीन ते पाच आठवडे घेतो: बिल दाखवणं, छत बघणं, घरात चर्चा, बँकेत चौकशी. त्यामुळे मार्चमध्ये आलेले ॲडव्हान्स बरेचसे फेब्रुवारीच्या लीडचे असतात. विक्री नेहमी लीड ज्या महिन्यात आली त्या महिन्याच्या नावावर लिहा आणि महिना संपल्यावर ४५ दिवस थांबून आकडा पक्का करा. वरचे ९ आणि ५ असेच मोजलेले आहेत. हे न करता एजन्सीशी भांडायला गेलात, तर त्यांच्यातला जाणकार माणूस पहिल्याच मिनिटात तुम्हाला गप्प करेल, आणि त्याचं बरोबर असेल.

दुसरं, ९ चे ५ होणं हा एका महिन्यापुरता योगायोगही असू शकतो. आकडे इतके लहान असले की दोन गिऱ्हाईकं लग्नसराईमुळे पुढे ढकलली तरी चित्र बदलतं. सलग दोन-तीन महिने उतार दिसला, तर पुढचं वाचा.

पहिला प्रश्न: रिपोर्टमधल्या ३०० मध्ये नेमकं काय काय मोजलंय?

हा प्रश्न व्हॉट्सॲपवर लिहून पाठवा, फोनवर विचारू नका. सोबत कच्ची फाइल मागा. पीडीएफ नको, फॉर्ममधून डाउनलोड केलेली सीएसव्ही हवी. फेसबुक-इन्स्टाग्राम चालवणाऱ्या मेटाकडे ही फाइल लीड आल्यापासून ९० दिवसच मिळते, म्हणून जुन्या महिन्यांची आजच मागून ठेवा.

फाइल उघडली की फोन नंबर `p:+91` असा सुरू झालेला दिसेल आणि लीडचा क्रमांक `l:` असा. ते `l:` काढू नका. तो क्रमांक लांब असतो आणि नुसता आकडा म्हणून एक्सेलने उघडला, तर शेवटचे अंक शून्य होऊन बसतात. पुढे लीड जुळवायची वेळ आली की जुळत नाही. नंबर मात्र साफ करावा लागतो. नंबर C रकान्यात असेल, तर D मध्ये पहिलं आणि E मध्ये दुसरं सूत्र टाकून खाली ओढा:

```
=RIGHT(SUBSTITUTE(C2," ",""),10)
=COUNTIF(D$2:D2,D2)
```

E मध्ये १ आला तो नवा माणूस. २ किंवा ३ आला, तर त्याच माणसाने पुन्हा फॉर्म भरलाय.

आपल्या उदाहरणात ३०० असे फुटतात. फॉर्म २४०, आणि ६० व्हॉट्सॲप संभाषणं. ही ६० जानेवारीच्या रिपोर्टमध्ये नव्हती. फेब्रुवारीत व्हॉट्सॲपची वेगळी मोहीम सुरू झाली आणि एजन्सीने दोन्हींची बेरीज एका 'लीड'मध्ये केली. या साठपैकी ३४ जणांनी जाहिरातीतला तयार मेसेज दाबला आणि त्यानंतर एक अक्षरही पाठवलं नाही. राहिले २६, त्यातल्या १४ जणांनी फॉर्मही भरलेला. म्हणजे व्हॉट्सॲपवरून खरी नवी माणसं १२. फॉर्मच्या २४० मधून २२ दुबार गेले, उरले २१८. एकूण २३० माणसं. जानेवारीच्या १२० मधून दुबार ८ काढले की ११२.

म्हणजे वाढ आहेच, दुप्पट आहे. फक्त अडीचपट नाही. इथे थांबून 'एजन्सी फसवते' असा निष्कर्ष काढणारे बरेच असतात. तो घाईचा आहे. खरा घोटाळा अजून पुढे आहे.

गुगलवर जाहिरात असेल, तर हाच आजार वेगळ्या नावाने येतो. तिथे `Goals` मध्ये बघा: दिशा विचारण्यासाठी नकाशावर टिचकी मारणं किंवा फोनचं बटण दाबणं `Primary` म्हणून धरलंय का, आणि फॉर्मसाठी मोजणी `One` आहे की `Every`. `Every` असेल, तर एकच माणूस तीन वेळा मोजला जातो. लीडसाठी `One` हवं.

दुसरा प्रश्न: या २३० पैकी आपल्या कामाचे किती?

याचं उत्तर एजन्सी देऊ शकत नाही, ते तुमच्याच ऑफिसात आहे. पण बहुतेक ठिकाणी शेरा म्हणून 'नॉट इंटरेस्टेड' एवढंच लिहिलेलं असतं, आणि त्या दोन शब्दांत सहा वेगळी कारणं बुडतात. बेदाण्याच्या सौद्यात कुणी 'माल बरा नाही' एवढंच लिहून देत नाही. रंग, मणी, ओल सांगावी लागते. तसं इथे. फोनवर बसणाऱ्या मुलीला सहा-सातच पर्याय द्या आणि त्यातलाच एक लिहायला सांगा.

मार्चच्या २३० चं असं निघतं: तीनदा लावूनही फोन लागला नाही किंवा नंबर चुकीचा, ७१. 'मी असा काही फॉर्म भरलाच नाही', २३. कामाच्या हद्दीबाहेरचे, १८. शेतीपंपाला सोलर हवा होता, ३९. भाड्याचं घर, किंवा फ्लॅट आणि गच्चीवर हक्क नाही, १४. बिल इतकं कमी की सोलर परवडणार नाही, २०. बाकी उरले ४५.

जानेवारीच्या ११२ मधून कामाचे निघाले होते ४७.

हे दोन आकडे शेजारी ठेवा. ३०० लीडच्या महिन्यात कामाचे ४५ आणि १२० लीडच्या महिन्यात ४७. गिऱ्हाईक वाढलंच नाही. त्याच गिऱ्हाइकाभोवती भुस्सा वाढला.

तिसरा प्रश्न: मधल्या काळात खात्यात काय बदललं, तारखेसह सांगा

ॲड्स मॅनेजरमध्ये `Activity history` नावाची नोंद असते. कोणी, कधी, कशात बदल केला ते तिथे दिसतं. त्याचा स्क्रीनशॉट मागा. आपल्या प्रकरणात जानेवारी आणि मार्चच्या मध्ये चार गोष्टी झालेल्या सापडतात, आणि वरचं एकेक ढिगार त्यातल्या एकेकाशी जुळतं.

फॉर्मचा प्रकार `Higher intent` होता, तो `More volume` झाला. पहिल्या प्रकारात माणसाला पाठवण्याआधी आपली माहिती एकदा तपासायचा पडदा येतो. दुसऱ्यात तो येत नाही. नाव आणि फोन फेसबुकच्या खात्यातून आपोआप भरलेले असतात. दोन टिचक्यांत फॉर्म जातो. खातं काढताना दिलेला नंबर आता बंद असला तरी तोच जातो. ७१ न लागलेले आणि २३ 'भरलाच नाही' म्हणणारे मुख्यतः इथले. ती माणसं खोटं बोलत नसतात, त्यांना आठवतच नाही.

फॉर्ममधला 'महिन्याचं वीजबिल किती' हा प्रश्न काढला. प्रश्न कमी केला की लीड स्वस्त होते, हे कुठलीही एजन्सी जाणते. कमी बिलवाले २० इथून शिरले.

जाहिरातीचं चित्र बदललं. आधी तासगावच्या एका घराचं छत आणि आधीचं-नंतरचं बिल होतं. नंतर मोठ्या अक्षरात '७८,००० रुपये अनुदान', खाली 'सोलर योजना'. पीएम सूर्य घर योजनेत ३ किलोवॉट आणि त्यावरच्या घरगुती संचाला ७८,००० रुपये मिळतात हे खरं आहे. पण ते संच चालू झाल्यावर ग्राहकाच्या बँक खात्यात येतात. आधी पैसे भरावे लागतात किंवा कर्ज काढावं लागतं. चित्र तसं सांगत नाही. शिवाय आपल्या जिल्ह्यात 'सोलर' आणि 'अनुदान' हे दोन शब्द एकत्र आले की जत, आटपाडी, कवठेमहांकाळच्या शेतकऱ्याला आधी 'मागेल त्याला सौर कृषी पंप' आठवतो. तिथे सर्वसाधारण गटातल्या शेतकऱ्याला खर्चाच्या १० टक्केच भरायचे असतात. ते ३९ फोन याच गैरसमजाचे. यात त्यांची चूक काहीच नाही, जाहिरातीत 'घरासाठी' हा शब्दच नव्हता.

आणि हद्द. एजन्सीने सांगली शहराभोवती गोल आखला. नकाशावर गोल सुबक दिसतो, पण त्यात इचलकरंजी आणि जयसिंगपूर येतं, आणि मिरजेच्या पलीकडचं कागवडही. कागवड कर्नाटकात, वीज कंपनी महावितरण नाही, हेस्कॉम. तिथला अर्ज तुमच्या हाताने होणारच नाही. गोलाऐवजी गावं आणि पिनकोड एकेक करून टाकायला सांगा. तरीही त्या भागात नुकताच येऊन गेलेला माणूस जाहिरात बघतोच, म्हणून पिनकोड फॉर्ममध्येही विचारा.

जाता जाता `Breakdown` मध्ये `Placement` लावून बघा. खर्चाचा मोठा हिस्सा `Audience Network` वर, म्हणजे दुसऱ्यांच्या ॲपमध्ये आणि गेममध्ये जात असेल, तर तो बंद करून फरक बघा. गेम खेळताना चुकून बोट लागून उघडलेल्या फॉर्मचं वेगळं सांगायला नको.

कामाचे तेवढेच, मग विक्री का घटली?

इथे बहुतेक मालक अडकतात. ४७ चे ४५ झाले, तर विक्री ९ ची फार तर ८ व्हायला हवी होती. ५ का?

मधला टप्पा मांडा. जानेवारीत ४७ पैकी २२ घरी साइट व्हिजिट झाली, त्यातली ९ कामं मिळाली. मार्चमध्ये ४५ पैकी १३ व्हिजिट, ५ कामं. व्हिजिट झाल्यावर काम मिळण्याचं प्रमाण जवळपास तेच आहे, ४१ टक्के आणि ३८ टक्के. म्हणजे तुमचा दर, तुमचा इंजिनीअर, तुमचं कोटेशन यांत बिघाड नाही. गळती फोन आणि व्हिजिटच्या मध्ये आहे.

आता फोनच्या टेबलाकडे बघा. एकच मुलगी. तिच्याकडे पोर्टलवर अर्ज भरायचं कामही आहे. जानेवारीत दिवसाला सरासरी चार नवे नंबर यायचे. ती तासाभरात लावायची. मार्चमध्ये दिवसाला सात-आठ नवे, आणि त्यातले जवळपास एक तृतीयांश उचलत नाहीत म्हणून प्रत्येकी तीन प्रयत्न. रात्री साडेनऊला आष्ट्याच्या एका माणसाने फॉर्म भरला: स्वतःचा बंगला, बिल साडेतीन हजार. त्याचं नाव सकाळी यादीत अकरावं. वरचे दहा नंबर लावता लावता बारा वाजले, मग महावितरणच्या ऑफिसात जायचं होतं. त्याला पहिला फोन त्याच्याही दुसऱ्या दिवशी गेला. तोवर त्याच रात्री बघितलेल्या दुसऱ्या जाहिरातवाल्याचा माणूस छत मोजून गेलेला.

म्हणून वाईट लीड नुसती वाया जात नाही, ती चांगल्या लीडचा फोन उशिरा लावते. 'तुमची माणसं फॉलोअप घेत नाहीत' हे एजन्सीचं म्हणणं खरं ठरतं, पण त्याचं कारण त्यांनीच फेब्रुवारीत बदललेला फॉर्म असतो.

हे तुमच्याकडे असंच आहे का, ते तीन दिवसांत कळतं. तीन दिवस आलेली प्रत्येक लीड पंधरा मिनिटांत मालकाने किंवा सगळ्यात चांगल्या माणसाने स्वतः लावायची, रात्री नऊपर्यंत. प्रत्येकीसमोर लीडची वेळ आणि पहिल्या फोनची वेळ लिहायची. कामाच्या लीडचं प्रमाण तेवढंच राहिलं आणि व्हिजिट वाढल्या, तर दोष उशिराचा. कामाच्या लीड लवकर लावूनही व्हिजिट ठरत नसतील, तर तुमच्या बोलण्यात किंवा दरात काहीतरी आहे, आणि त्यात एजन्सीचा संबंध नाही.

चौथा प्रश्न: मेटाला आपली विक्री कळते का?

याचं प्रामाणिक उत्तर बहुधा 'नाही' असतं. जाहिरातीचं यंत्र जे मागितलं ते आणतं. `Maximize number of leads` वर ठेवलं की ते फॉर्म भरणारी माणसं शोधतं, आणि फॉर्म भरायची सवय असलेली माणसं वेगळी, सोलर घेणारी वेगळी. पुढच्या टप्प्यांची माहिती परत पाठवली तर `Maximize number of conversion leads` वापरता येतं.

एजन्सी हा उपाय सुचवेल आणि त्याचे वेगळे पैसे सांगेल. हो म्हणण्याआधी हिशेब करा. एका ॲड सेटला, म्हणजे एकाच बजेटवर चालणाऱ्या जाहिरातींच्या गटाला, नीट शिकायला आठवड्याला साधारण ५० निकाल लागतात. तुमच्या विक्री महिन्याला ५, कामाच्या लीड महिन्याला ४५, म्हणजे आठवड्याला दहा-अकरा. यंत्राला शिकायला एवढं पुरत नाही. महिन्याला दोन-तीनशे कामाच्या लीड येणाऱ्या फर्मला हा खर्च फळतो. तुमच्या आकारात चाळणी फॉर्ममध्येच लावणं स्वस्त आणि भरवशाचं. आणि बजेट चार ॲड सेटमध्ये वाटण्यापेक्षा एकात ठेवणं.

फॉर्म `Higher intent` वर परत आणा आणि हे चार प्रश्न ठेवा. सोलर कशासाठी: घर, दुकान, शेतीपंप. घर आणि छत स्वतःचं आहे का. महिन्याचं वीजबिल: १,००० पर्यंत, १,००० ते २,०००, २,००० च्या वर. पिनकोड, हा हाताने टाइप करायला लावा, कारण टाइप करायचा कंटाळा हीसुद्धा एक चाळणी आहे. पहिले तीन `Multiple choice` ठेवून 'शेतीपंप' किंवा 'भाड्याचं' निवडणाऱ्याला `Conditional logic` ने वेगळ्या शेवटच्या पडद्यावर पाठवता येतं. तिथे शेतीपंपवाल्याला 'हे काम आम्ही करत नाही, महावितरणच्या पोर्टलवर अर्ज करा' असं सरळ लिहा. त्याचाही वेळ वाचतो. पाचवा प्रश्न घालू नका. चांगली माणसंही मध्येच सोडतात.

एजन्सीला पाठवायचा मेसेज

पुढच्या महिन्यापासून रिपोर्टमध्ये काय हवं, ते असं लिहून पाठवता येईल:

'नमस्कार सर, पुढच्या रिपोर्टमध्ये फॉर्म आणि व्हॉट्सॲप वेगळं दाखवा, दुबार नंबर काढून. दर सोमवारी आम्ही तुम्हाला शेऱ्यांची शीट देऊ. त्यावरून कामाच्या लीडमागचा खर्च आणि व्हिजिटमागचा खर्च हे दोन रकाने सगळ्यात वर घ्या. फॉर्म, हद्द किंवा जाहिरातीचं चित्र बदलण्याआधी आम्हाला कळवा.'

ती सोमवारची शीट चुकवू नका. ती न देता एजन्सीकडून दर्जा मागणं म्हणजे चव न सांगता आचाऱ्याला मीठ कमी-जास्त करायला लावणं.

या दोन रकान्यांत जानेवारी-मार्च मांडलं तर कामाच्या लीडमागे ८९४ वरून १,००० रुपये, आणि व्हिजिटमागे १,९०९ वरून ३,४६२ रुपये. पहिल्या आकड्याची जबाबदारी मुख्यतः एजन्सीची, दुसरा दोघांचा. यावर मीटिंग वीस मिनिटांत संपते.

नवा फॉर्म सुरू झाल्यावर पहिल्या पंधरवड्यात लीड निम्म्याहून कमी होतील आणि लीडमागचा खर्च ३५० च्याही वर जाईल. एजन्सीचा मुलगा घाबरून फोन करेल, 'सर, लीड खूप पडल्यात, पुन्हा आधीचा फॉर्म लावू का?' तेव्हा नको म्हणा आणि शीटमधला कामाच्या लीडचा आकडा बघा. तो आठवड्याला दहाच्या आसपास असेल, तर काही बिघडलेलं नाही. तो पाचवर आला असेल, तर बिलाची अट ढिली करा, बाकीचे तीन प्रश्न तसेच ठेवा. रोज काहीतरी बदलू नका. मोठा बदल केला की ॲड सेट पुन्हा पहिल्यापासून शिकायला लागतो.

शेवटचा प्रश्न लहान आहे, पण तो विचारायचा राहिला तर वरचं सगळं अडतं: जाहिरात खातं कोणाच्या नावावर आहे? ते तुमच्या बिझनेस पोर्टफोलिओत असावं आणि एजन्सीला भागीदार म्हणून प्रवेश असावा. उलट असेल, तर `Activity history` तुम्हाला दिसत नाही, आणि एजन्सी बदलली की सगळा मागचा हिशेब त्यांच्याकडेच राहतो. आधीच्या खात्याचं काही करता येत नसेल, तर नवं खातं स्वतःच्या नावाने काढून पुढची मोहीम तिथे सुरू करायला सांगा, आणि जुन्या खात्यातल्या गेल्या ९० दिवसांच्या फाइल त्याआधी हातात घ्या.